एका बाथरूमचं काम, 32 दिवस, आणि एकही दिवस फुकट नाही: कामांचा क्रम कसा लावायचा

नागपुरात छोट्या रिनोव्हेशनची कामं करून मला बारा वर्षं होऊन राहिली आणि लोकांची तक्रार नेहमी एकच असते, की पंधरा दिवसांचं सांगितलं आणि दोन महिने लागले. मी अशा घरांत जाऊन विचारतो की मधले दिवस गेले कुठे, तेव्हा मिस्त्री हळू काम करत होता असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा मिस्त्री आला तेव्हा प्लंबरचं बाकी होतं, प्लंबर आला तेव्हा भिंतीत बसणारा शॉवरचा डायव्हर्टर आणलेला नव्हता, डायव्हर्टर आणला तोवर मिस्त्री दुसऱ्या साईटवर निघून गेला होता, आणि तो परत आला तर टाईल्सच्या दोन पेट्या कमी पडल्या. प्रत्येक माणूस आपलं काम दोन दिवसांत करून जातो पण त्यांच्या मधल्या फटीत महिना जातो.

म्हणून एकच काम घेऊन पूर्ण सांगतो. त्रिमूर्तीनगरच्या एका काकूंचा दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट, त्यातलं 5 बाय 8 फुटांचं बाथरूम. खालच्यांच्या छताला ओल आली होती आणि बाथरूमच्या मागच्या पॅसेजच्या भिंतीला पोपडे आले होते. घरात दुसरं बाथरूम होतं म्हणून राहायची अडचण नव्हती (एकच असेल तर कमोड किती दिवस बंद राहणार हे सगळ्यात आधी ठरवा, बाकी नंतर). काकूंनी आधी दोघांकडून विचारून ठेवलं होतं आणि दोघांनीही पंधरा दिवस सांगितले होते. मी 32 सांगितले तर त्या म्हणाल्या, "अहो दादा, दुप्पट कसे काय?"

तर आधी हेच समजून घेऊ.

वाळायचा दिवस रिकामा नसतो

बाथरूमच्या कामात दोन तऱ्हेचे दिवस असतात. एकात माणसाचा हात चालतो, म्हणजे तोडफोड, पाईप, प्लास्टर, टाईल. दुसऱ्यात माणूस नसतो पण काम चालू असतं, प्लास्टर पाणी पिऊन पक्कं होत असतं, वॉटरप्रूफिंगचा कोट वाळत असतो, पाणी भरून ठेवलेलं असतं. हे दुसरे दिवस तुम्ही कमी करू शकत नाही, कमी केले तर दोन वर्षांनी खालच्यांच्या छतावर परत डाग दिसतो. मी रिकामा दिवस त्यालाच म्हणतो ज्या दिवशी कोणाचा हातही चालत नाही आणि काही वाळतही नाही, सगळे कशाची तरी वाट बघून राहिले असतात. आपल्याला शून्यावर आणायचे ते हे दिवस.

आणि खरी बचत होते ती एका जागेचं वाळणं चालू असताना दुसऱ्या जागेचं काम, किंवा दोन वाळणी एकमेकांवर चढवून. काकूंच्या बाथरूमच्या प्लॅनमध्ये 32 पैकी जेमतेम 19 दिवस माणूस आत होता, बाकी 13 दिवस नुसतं वाळणं नाहीतर पाणी. हेच काम एकामागे एक केलं असतं, म्हणजे प्लास्टर सात दिवस पाजा मग कोट मारा, आधी खालची फरशी मग भिंतीच्या टाईल्स, तर 40 दिवस गेले असते. म्हणजे मिस्त्रीला जराही पळवलं नाही तरी आठ दिवस वाचले.

पायरी पहिली: चिठ्ठ्या लिहा आणि शेवटापासून मागे या

जुन्या कॅलेंडरचं पान पाठकोरं घ्या, त्याच्या चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एकच काम. प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या, कोण करणार, हाताचे किती दिवस, आणि त्यानंतर वाळायला किती दिवस. ही तिसरी गोष्ट नव्वद टक्के लोक लिहीतच नाहीत आणि तिथेच हिशोब चुकतो. "प्लास्टर 2 दिवस" असं लिहिलं तर ते खोटं आहे, "प्लास्टर 2 + पाणी 7" हे खरं.

मग क्रम लावताना सुरुवातीपासून पुढे जाऊ नका, शेवटापासून मागे या. शेवटची चिठ्ठी हातात घ्या आणि विचारा, हे काम सुरू करायच्या क्षणी काय काय झालेलं पाहिजे? नळ बसवायचा तर भिंतीला टाईल पाहिजे आणि आत डायव्हर्टरची बॉडी पाहिजे. टाईलला पक्कं प्लास्टर पाहिजे. प्लास्टरला भिंतीतले पाईप आणि वायरचे कंड्युट बसलेले पाहिजेत. प्लास्टरच्या आधी पाईपची प्रेशर टेस्ट पाहिजे कारण नंतर गळती सापडली तर भिंत परत फोडावी लागते. पाईप टाकायचे तर डायव्हर्टरची बॉडी हातात पाहिजे आणि कमोडचं मॉडेल ठरलेलं पाहिजे. म्हणजे बघा, नळ निवडणं जे लोक सगळ्यात शेवटचं काम समजतात ते खरं तर हातोडा पडायच्या आधीचं काम निघालं. पुढून विचार केला असता तर हे दिसलं नसतं.

मागे येताना अजून एक तऱ्हेचं नातं दिसतं जे कोणी लिहीत नाही, घाणीचं नातं. प्लास्टर करताना मसाला खाली पडतो, तो ताज्या वॉटरप्रूफिंगवर पडला आणि मिस्त्रीने थापीने खरवडला की कोट गेला. ग्राइंडरने टाईल कापली की धूळ अख्ख्या पॅसेजभर बसते, म्हणून पेंटरचा शेवटचा हात त्यानंतरच. ही कामं एकमेकांवर टेकलेली नाहीत, पण उलट क्रमाने केली तर एक काम दुसऱ्याला खराब करतं.

काकूंनी सगळ्या चिठ्ठ्या टेपने कपाटाच्या दारावर लावल्या होत्या, टेप अशासाठी की चिठ्ठी काढून पुढे सरकवता यावी. त्याचा उपयोग नंतर झाला, सांगतो.

पायरी दुसरी: हातोडा पडायच्या आधीची खरेदी

पुढच्या कोणत्याही कामाला जे सामान लागून राहिलं ते सगळं घरात आल्याशिवाय तोडफोड करू नका. काकूंसोबत मी इतवारीत एक अख्खा दिवस घालवला, आणि तो दिवस कामाच्या 32 मध्ये धरलेलाच नाही, कारण तेव्हा बाथरूम चालूच होतं. तोडफोडीच्या आधी घेतलेल्या दिवसाचं काही नुकसान नसतं, तोडल्यावर गेलेला प्रत्येक दिवस अंगावर येतो.

टाईल्स सगळ्या एकाच बॅचच्या घ्या आणि दहा टक्के जास्त घ्या. पेटीवर बॅच आणि शेड छापलेला असतो, नंतर दोन पेट्या आणायला गेलात आणि दुसरी बॅच मिळाली तर भिंतीवर रंगाचा फरक उठून दिसतो. तेव्हा नुसती टाईल कमी पडत नाही, मिस्त्री पण निघून जातो.

कमोड दुकानात ठेवलेला चालेल, पण त्याचं माप आधी हातात पाहिजे. खालून लाईन जाणारा कमोड असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलनुसार बदलतं, साधारण 9 इंच किंवा 12 इंच. आता मेख अशी, की हे अंतर तयार भिंतीपासून म्हणजे टाईलच्या तोंडापासून असतं, आणि प्लंबर येतो तेव्हा समोर नुसत्या विटा असतात. प्लास्टर आणि टाईल मिळून भिंत साधारण इंच-सव्वा इंच पुढे येते. म्हणून 12 इंची कमोडला विटेपासून 13 ते सव्वातेरा मोजायचं. हे सांगितलं नाही तर कमोड बसवायच्या दिवशी टाकी भिंतीला अडते आणि मग फरशी उखडावी लागते.

डायव्हर्टरच्या बॉडीचं पण तसंच. तिच्यावर प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्यावर दोन खुणा असतात, टाईलचं तोंड त्या दोन खुणांच्या मध्ये आलं पाहिजे. जास्त आत बसली तर वरची पट्टी पुरत नाही, बाहेर राहिली तर झाकत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मालकाने हा डायव्हर्टर "नंतर बघू" म्हणून ठेवला होता आणि मी पण हो म्हटलं. प्लंबर आला, बघितलं, परत गेला. डायव्हर्टर दुसऱ्या दिवशी आणला पण प्लंबर चौथ्या दिवशी आला, आणि ते चार दिवस ना कोणाचा हात चालला ना काही वाळलं. तेव्हापासून मी सामान मोजून घेतल्याशिवाय मजूर बोलावत नाही.

पायरी तिसरी: दिवस 1 ते 7, जिथे सगळे एकमेकांच्या मागे उभे असतात

हा आठवडा सगळ्यात नाजूक आहे कारण इथे वाळणं जवळजवळ नाही, हातामागे हात आहे, आणि एक माणूस चुकला की सगळे चुकतात. पहिले दोन दिवस तोडफोड आणि मलबा. मलबा सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत भरून त्याच दिवशी खाली न्यायचा, आणि गाडी आधीच सांगून ठेवायची. 5 बाय 8 च्या खोलीत दोन माणसं जेमतेम मावतात, त्यात मलब्याचा ढीग असला तर प्लंबरला पाय ठेवायला जागा नाही. जागासुद्धा एक अट आहे, चिठ्ठीवर लिहा.

पहिल्याच दिवशी अजून एक काम करायचं जे कोणाला सुचत नाही, पॅसेजच्या ओल्या भिंतीचे पोपडे आणि फुगलेलं प्लास्टर खरवडून काढायचं. त्या भिंतीचं पुट्टी-पेंट पार शेवटी आहे, मग आत्ताच का? कारण तिला वाळायला सगळ्यात जास्त दिवस लागणार आहेत आणि पोपड्याखाली ओल अडकून बसते. पहिल्या दिवशी मोकळी केली तर तीन आठवडे मिळतात, विसाव्या दिवशी केली तर पेंटर थांबून राहतो. ज्याला वाळायला जास्त वेळ लागतो त्याचं खरवडणं आधी, मग त्याचा शेवट कितीही उशिरा असो.

तिसऱ्या दिवशी प्लंबर खालच्या ड्रेनेजच्या लाईन टाकतो, नहाणी ट्रॅप बसवतो, पाईप जिथून भिंतीबाहेर जातो ती भोकं ग्राउटने भरतो. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनने येऊन गीझरच्या आणि एक्झॉस्टच्या खाचा मारून घ्यायच्या, त्याला चार दिवसांनी बोलावू नका. चौथ्या दिवशी भिंतीतले पाण्याचे पाईप आणि कंड्युट. पाईपचे सोल्युशनचे जोड रात्रभर राहू द्यायचे आणि पाचव्या दिवशी सकाळी हातपंपाने प्रेशर टेस्ट. काटा दोन-तीन तास जागचा हलला नाही पाहिजे, हलला तर प्लंबर अजून तिथेच आहे, लगेच जोड बदलतो. म्हणूनच टेस्ट प्लंबर समोर असताना करायची, तो गेल्यावर नाही. दुपारी खाचा भरून ग्रॅनाइटची चौकट उभी करायची, आणि चौकट उभी झाली की त्याच संध्याकाळी दाराचं माप घेऊन ऑर्डर द्यायची, कारण दार लागणार बत्तिसाव्या दिवशी पण बनायला वेळ घेतं आणि माप आता बदलणार नाही. सहा-सात प्लास्टर.

प्लंबरला फोन कसा करायचा तेही सांगतो. "काम झालं की बोलावतो" म्हटलं की तो दुसरं काम पकडतो आणि पकडणारच, त्याचंही पोट आहे. त्याला सुरुवातीलाच तीन तारखा द्या, तिसरा-चौथा दिवस, पाचव्याची सकाळ, आणि मग एकतिसावा. प्रत्येक तारखेच्या तीन दिवस आधी एक फोन आणि आदल्या संध्याकाळी एक. तारखा लावताना पोळा, दिवाळी, होळी बघून घ्या, आपल्याकडे बरेच मजूर बालाघाट-शिवनी-छत्तीसगडकडचे आहेत, सणाला गावी गेले की दोन दिवसांचे आठ होतात. सण वाळायच्या दिवसांवर आला तर काहीच बिघडत नाही, म्हणून सुरुवातीची तारीख तशी मागेपुढे करा.

पायरी चौथी: प्लास्टर पाणी पिऊन राहिलं असताना खाली काय करायचं

आठव्या दिवसापासून प्लास्टरला सात दिवस पाणी. नागपूरच्या उन्हाळ्यात हे हलक्यात घेऊ नका, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि बंद बाथरूममध्येसुद्धा सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. दिवसातून तीन वेळा मारायचं. ज्यांच्या भागात नळ ठराविक वेळच येतो त्यांनी 200 लिटरचा एक ड्रम भरून ठेवायचा, पाणी नाही म्हणून प्लास्टर सुकलं तर बारीक तडे जातात आणि टाईल मागून पोकळ वाजते.

बहुतेक जण इथे सात दिवस काम बंद ठेवतात. गरज नाही. आठ आणि नऊ हे दोन दिवस भिंतीला भरपूर पाणी, आणि मग दहाव्या दिवशी फरशीखालचा खड्डा (सगळे याला संक म्हणतात) साफ पुसून वॉटरप्रूफिंगचा पहिला कोट सकाळी, दुसरा आडवा संध्याकाळी. इथे एक भांडण आहे ते लक्षात घ्या, भिंतीला मारलेलं पाणी ओघळून खालच्या ताज्या कोटवर येतं. म्हणून दहा-अकरा-बारा हे तीन दिवस पाईपने पाणी मारायचं नाही, हाताच्या स्प्रे पंपाने नुसती भिंत ओली राहील इतकंच, थेंब धावला नाही पाहिजे. सिमेंट बेसचा कोट असेल तर तो ओलसर जागेवर चालतो, पण पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा, काही कोटना कोरडीच जागा लागते आणि मग हा डाव जमत नाही. आमच्या पाकिटावर वाळायला 48 तास होते. तेराव्या दिवशी सकाळी पाणी भरलं, पंधराव्या दिवशी सकाळी सोडायचं. तोवर चौदाव्या दिवशी भिंतीचे सात दिवसही पूर्ण होतात, म्हणजे भिंतीचं अख्खं पाजणं खालच्या कामाच्या पोटात गेलं. पाच दिवस इथे वाचले.

पाणी भरून ठेवायची टेस्ट, आणि ती नापास झाली तर

40 चौरस फुटांत 2 इंच पाणी म्हणजे जवळजवळ 190 लिटर, एक ड्रम. ट्रॅपचं तोंड आणि बाहेर जाणारा पाईप चांगला बंद करायचा, भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करायची. आता पाणी उन्हाळ्यात उडतं पण, मग खूण खाली गेली तर ते गळलं की उडालं? त्यासाठी शेजारीच त्याच बाथरूममध्ये एक बादली पाणी भरून ठेवायची आणि तिच्या आतल्या बाजूने पण खूण करायची. दोन्ही सारखं उतरलं तर हवा आहे, फरशीचं जास्त उतरलं तर गळती आहे. आणि खालच्या घरी जाऊन त्यांना सांगायचं की दोन दिवस छताकडे लक्ष ठेवा.

चौदाव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला, "दादा, बादलीचं दोनेक एमएम उतरलं, खालचं आठ." जाऊन बघितलं तर खरंच, आणि पाणी सोडल्यावर सापडलं की ड्रेनचा पाईप जिथून भिंतीत जातो तिथे ग्राउटमध्ये केसाएवढी फट होती. वाळू दिलं, तिथलं ग्राउट खोदून परत भरलं, कोटचे दोन हात परत, परत वाळणं, अठराव्या दिवशी परत पाणी आणि विसाव्याला पास. पाच दिवस मागे गेलो.

आणि इथे त्या चिठ्ठ्या कामी आल्या. पाच दिवस सगळ्यांचे मागे जात नाहीत, फक्त त्या टेस्टवर टेकलेल्यांचे जातात. कोबा, टाईल, फरशी, कमोड, ह्या चिठ्ठ्या टेप काढून पाच घरं पुढे. पॅसेजच्या भिंतीला उलट पाच दिवस जास्त मिळाले वाळायला. दार तर तयार होऊन यायचं होतंच. राहिला मिस्त्री, त्याला पंधराव्याची तारीख दिलेली होती. तो म्हणाला, "भाऊ, मग मी मानेवाड्याच्या साईटवर जातो, बोलवा नंतर." तो गेला असता तर पाचाचे पंधरा झाले असते. पण काकूंच्या बाल्कनीची फरशी बदलायची होती, आणि ती मी मुद्दाम कोणत्याही तारखेला बांधली नव्हती, टाईल्स आणून ठेवल्या होत्या. त्याला म्हटलं, उद्यापासून बाल्कनी घे. तीन दिवस तो तिथे, एक दिवस किचनच्या सिंकमागच्या चार टाईल्स, एक दिवस सुट्टी. काम लांबलं खरं, 32 चे 37 झाले, पण माणूस हातातून गेला नाही.

म्हणून सांगतो, प्रत्येक घरात असं एक-दोन काम ठेवा जे कशावरच टेकलेलं नाही, सामान आणून ठेवा, आणि ते हौसेने पहिल्याच आठवड्यात उरकू नका. ते अडचणीच्या दिवसासाठीच असतं.

(पुढचे आकडे ठरवलेल्या प्लॅनचेच देतो, नाहीतर गोंधळ होईल.)

पायरी पाचवी: कोबा खाली ओला, टाईल वर चालू

पंधरा-सोळाला विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून ट्रॅपकडे उतार काढला. टेस्टचं पाणी फेकू नका, ड्रममध्ये काढून ठेवलं तर कोब्याला मारता येतं. कोब्याला पण सात दिवस पाणी, सतरा ते तेवीस. आता परत तोच प्रश्न, हे सात दिवस काय करायचं? फरशी तर लावू शकत नाही.

भिंतीच्या टाईल्स लावायच्या, पण खालून दुसऱ्या ओळीपासून. दुसऱ्या ओळीच्या तळाला लेव्हलमध्ये सरळ पट्टी ठोकायची आणि तिच्यावर टाईल टेकवत वर जायचं. पहिली ओळ मोकळी सोडायची. याने तीन दिवस वाचतात, पण मी हे वेळेसाठीच करतो असं नाही. कोब्यावरचा जो शेवटचा वॉटरप्रूफिंग कोट आहे तो भिंतीवर फूटभर चढला पाहिजे, आणि खालची ओळ आधीच लावून टाकली तर तो चढणार कुठे? शिवाय नंतर फरशीवर बसवलेली खालची ओळ फरशीचा जोड झाकते, पाणी जोडात न जाता फरशीवर येतं.

शॉवरच्या भिंतीला मात्र कोट वरपर्यंत लागतो, टाईलच्या आधी. तो सतराव्या दिवशी संध्याकाळी मारला, कोब्यावर फळी टाकून. त्याला दोन दिवस वाळायला पाहिजेत, म्हणून अठराव्या दिवशी मिस्त्रीला शॉवरच्या समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायला लावली, एकोणिसाव्याला बाजूच्या, आणि शॉवरची भिंत विसाव्याला शेवटी. नुसतं कोणत्या भिंतीपासून सुरू करायचं एवढ्यावर मिस्त्रीचे दोन दिवस वाचतात, आणि हे मिस्त्रीला सांगावं लागतं, तो सवयीने दारातून समोर दिसणारी भिंत आधी घेतो आणि ती बऱ्याचदा शॉवरचीच असते.

चोविसाव्या दिवशी वरचा कोट, पंचवीस-सव्वीस वाळणं, सत्ताविसाव्याला 24 तास पाणी, बादलीसकट. अठ्ठाविसाव्याला सकाळी पाणी सोडून, जागा पुसून कोरडी करून फरशी. एकोणतिसाव्याला आत कोणीच जायचं नाही, अॅढेसिव्ह धरायच्या आत पाय पडला तर टाईल बसते आणि उतार बिघडतो. दारावर खुर्ची आडवी लावा, घरातली माणसंच बघायला म्हणून आत जातात. तिसाव्याला भिंतीची खालची ओळ आणि ग्राउट, एकतिसाव्याला प्लंबर कमोड-बेसिन-नळ बसवतो, बत्तिसाव्याला गीझर, एक्झॉस्ट आणि दार.

पॅसेजची भिंत कधी रंगवायची

पहिल्या दिवशी खरवडली होती, पण नुसतं हात लावून कोरडी वाटते म्हणून पुट्टी मारू नका. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे. काकूंच्या भिंतीवर पहिल्यांदा केलं तेव्हा प्लास्टिक आतून धुरकट झालं होतं, आठवड्याने परत लावलं तेव्हा कोरडं निघालं. पावसाळ्यात काम असेल तर याला जास्त दिवस धरा. पुट्टी पंचवीस-सव्वीसला, जेव्हा बाथरूममध्ये तसंही कोट वाळत असतो, आणि रंगाचा हात एकतिसाव्याला, ग्राइंडर बंद झाल्यावर. दार बसवताना भिंतीला एखादा ओरखडा पडतोच, म्हणून पेंटरकडून अर्धा डबा रंग ठेवून घ्या.

आता एक काम असं आहे जे कितीही डोकं लावलं तरी आधी सरकत नाही, शॉवरच्या काचेचं पार्टिशन. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, घासताही येत नाही, त्यामुळे माप टाईल्स लागल्यावरच घ्यावं लागतं, फरशी आणि खालची ओळ झाली की, म्हणजे तिसाव्या दिवशी संध्याकाळी. बनून यायला आठवडा धरा. प्लास्टर झालं तेव्हाच माप देऊन मोकळं होऊ असं काकूंना वाटत होतं, पण टाईलच्या जाडीत इकडेतिकडे पाच एमएम झाले तर अख्खी काच वाया. म्हणून ती 32 मध्ये धरलीच नव्हती. काचवाल्याला तिसाव्याची तारीख पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवली, बाथरूम वापरात आलं, आठवडाभर पडदा लावला, आणि काच आली तेव्हा दोन तासांत बसवून झाली, फक्त सिलिकॉन धरेपर्यंत त्या दिवशी आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये.